डेव्हिसन पत्रिका आणि कॉम्पोझिट पत्रिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिसन पत्रिका म्हणजे नेमकं काय?

नातं वाचण्यासाठी दोन माणसांच्या जन्मवेळांच्या बरोबर मधला क्षण काढायचा, दोन्ही जन्मस्थळांच्या मधली जागा काढायची, आणि त्या क्षणी त्या जागेवरून दिसणाऱ्या आकाशाची पत्रिका मांडायची. ब्रिटिश ज्योतिषी रोनाल्ड डेव्हिसन यांनी ही रीत १९७०च्या दशकात मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. पत्रिका मांडून झाली की ती एखाद्या माणसाच्या पत्रिकेसारखीच हाताळता येते. तिला तारीख आहे, वेळ आहे, अक्षांश-रेखांश आहेत. पंचांग उघडून त्या दिवशीचा चंद्र पडताळूनही पाहता येतो.

मग कॉम्पोझिटमध्ये वेगळं काय होतं?

तिथे क्षण काढतच नाहीत. एकाचा रवी आणि दुसऱ्याचा रवी यांचा राशिचक्रावरचा मध्यबिंदू हा कॉम्पोझिट रवी, दोन चंद्रांचा मध्यबिंदू हा कॉम्पोझिट चंद्र, आणि असंच प्रत्येक ग्रहाचं. म्हणजे ही पत्रिका आकडेमोडीतून उभी राहते. तसं आकाश कधी दिसलेलं असेलच असं नाही, बहुतेकदा ते दिसलेलं नसतंच.

डेव्हिसनचं गणित हाताने कसं करायचं?

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. नावं नकोत, ‘अ’ आणि ‘ब’ पुरेत.

‘अ’चा जन्म १० एप्रिल १९९० रोजी सकाळी ८ वाजता, ४६° उत्तर आणि १०° पूर्व इथे. तिथलं घड्याळ तेव्हा उन्हाळी वेळेमुळे जागतिक वेळेच्या दोन तास पुढे होतं, म्हणून जागतिक वेळ सकाळी ६. ‘ब’चा जन्म २४ ऑक्टोबर १९९३ रोजी संध्याकाळी साडेसात वाजता, २०° उत्तर आणि ७४° पूर्व इथे. घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून जागतिक वेळ दुपारी २.

दोन्ही क्षणांमध्ये १२९३ दिवस आणि ८ तास आहेत. त्याचं निम्मं ६४६ दिवस आणि १६ तास. ‘अ’च्या जन्मक्षणात ते मिळवले की १६ जानेवारी १९९२, रात्री १०, जागतिक वेळ हा क्षण येतो. लीप वर्षाच्या २९ फेब्रुवारीत बोट अडकतं, म्हणून सलग दिवस मोजणारा ज्युलियन दिनांक वापरणं सोयीचं:

```
(2447991.7500 + 2449285.0833) / 2 = 2448638.4167
```

जागेसाठी अक्षांशांची सरासरी ३३° उत्तर, रेखांशांची सरासरी ४२° पूर्व. या क्षणाची आणि या जागेची पत्रिका मांडली की झालं. सायन पद्धतीने रवी मकर २६°०२′, चंद्र मिथुन १४°२३′, लग्न वृश्चिक १°४६′ आणि दशमबिंदू सिंह ५°१४′ येतात.

त्याच दोघांची कॉम्पोझिट कशी दिसते?

‘अ’चा रवी मेष २०°०७′, ‘ब’चा वृश्चिक १°१०′. जवळच्या बाजूने मोजलेला मध्यबिंदू मकर २५°३८′. चंद्र अनुक्रमे तूळ २१°२०′ आणि कुंभ २६°१७′, मध्यबिंदू धनु २३°४९′. दशमबिंदू मकर २६°१२′ आणि कुंभ १४°३१′, मध्यबिंदू कुंभ ५°२२′. तो दशमबिंदू धरून ३३° अक्षांशावर काढलेलं लग्न वृषभ २२°३८′ येतं. दोन लग्नांचा थेट मध्यबिंदू घेतला तर ते वृषभ २३°१९′ येईल. दोन्ही रीती प्रचलित आहेत. इथे फरक पाऊण अंशाहून कमी आहे, पण अक्षांश जास्त असले की तो वाढतो.

आता दोन्ही पत्रिका शेजारी ठेवा. रवी जवळजवळ तोच आहे. चंद्र समोरच्या राशीत गेलाय. दशमबिंदू तर अंशासकट समोर. हा योगायोग नाही.

दोन्ही पत्रिकांत रवी एकाच अंशावर आला, तर तो दुजोरा समजायचा का?

नाही. सर्वांत जास्त चुकीचा अर्थ काढला जातो तो इथेच.

रवी जवळपास एकसारख्या गतीने चालतो. त्यामुळे वेळेचा मध्य काढणं आणि अंशांचा मध्य काढणं ही एकाच गोष्टीची दोन रूपं होतात. फरक इतकाच की वर्तुळावर कुठल्याही दोन बिंदूंना दोन मध्यबिंदू असतात, एकमेकांच्या समोरासमोर. कॉम्पोझिट नेहमी जवळचा निवडते. डेव्हिसनला तशी निवड नसते. मधल्या काळात रवीने किती फेऱ्या मारल्या त्यावर तिचा रवी जवळच्या बिंदूपाशी पडतो, नाहीतर समोरच्या.

हे आधीच सांगता येतं. दोघांच्या वयातला फरक वर्षांत काढा आणि जवळच्या पूर्ण संख्येला आणा. संख्या सम असेल, म्हणजे ०, २, ४, तर दोन्ही रवी एकत्र येणार. विषम असेल तर समोरासमोर. आपल्या उदाहरणात १२९३ दिवस म्हणजे ३.५४ वर्षं, जवळची संख्या ४, म्हणून रवी जुळले. रवीची गती वर्षभरात थोडी कमीजास्त होते म्हणून काही अंशांचा फरक राहतो, पण तो फार तर चारेक अंशांचा. थोडक्यात, सम वयांतर असलेल्या कुठल्याही दोन माणसांचे रवी ‘जुळतात’, त्यांचं पटत असो वा नसो.

चंद्रालाही हाच नियम लागतो का?

लागतो, पण ढिला. चंद्राची एक फेरी सुमारे २७.३ दिवसांची. १२९३.३ दिवसांत ४७.३ फेऱ्या झाल्या. जवळची संख्या ४७, विषम, म्हणून डेव्हिसनचा चंद्र कॉम्पोझिटच्या चंद्रासमोर गेला. मात्र चंद्राची गती रवीपेक्षा पुष्कळ डळमळीत. त्यामुळे अचूक प्रतियोग न होता इथे नऊ अंशांहून थोडा जास्त फरक राहिला. काही जोड्यांत तो याहूनही मोठा असतो आणि तेवढ्यात रास बदलते.

यातून वाचनासाठी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे रवी-चंद्राचं अंतर. कॉम्पोझिटमध्ये चंद्र रवीच्या ३२ अंश मागे आहे, म्हणजे कृष्ण पक्षाची शेवटची बारीक कोर. डेव्हिसनमध्ये तो १३८ अंश पुढे आहे, शुक्ल पक्षातला भरत आलेला चंद्र. १९ जानेवारी १९९२ रोजी पौर्णिमा होती, तेव्हा तीन दिवस आधीचा चंद्र असाच असणार. एक पत्रिका सरत्या चक्राबद्दल बोलते, दुसरी भरत्या. रवी जुळला म्हणून खूश झालेल्या वाचकाने खरं तर इथे थांबायला हवं.

दशमबिंदू उलटला तर सगळे भाव उलटतात. मग भावफळ कुठलं धरायचं?

आधी उलटतो का ते पाहू. दशमबिंदू दिवसात अख्खं चक्र फिरतो, त्यामुळे सम-विषमाचा खेळ इथे वर्षांवर न जाता दिवसांवर येतो. ‘ब’चा जन्म त्याच वेळी, पण एक दिवस उशिरा झाला असता, तर मधला क्षण बारा तासांनी सरकला असता आणि डेव्हिसनचा दशमबिंदू सिंहेतून कुंभेत आला असता. कॉम्पोझिटमध्ये मात्र दशमबिंदू जेमतेम अर्धा अंश हलला असता.

आपल्या उदाहरणात कॉम्पोझिटचा रवी नवम भावाच्या अखेरीस, दशमबिंदूच्या तोंडाशी आहे. डेव्हिसनचा रवी तृतीयात, चतुर्थाच्या उंबरठ्याशी. ४२° पूर्वेला तेव्हा स्थानिक वेळ रात्री पाऊणच्या सुमाराची होती, रवी पायाखाली असणारच. गंमत म्हणजे चंद्र आणि लग्न दोघंही एकदमच उलटले, म्हणून चंद्र दोन्ही पत्रिकांत अष्टमातच राहिला. हा ‘दोन्हीकडे अष्टम चंद्र’ पुन्हा स्वतंत्र दुजोरा नव्हे.

भावफळासाठी आमचा कल असा. नातं बाहेरच्या जगात कसं दिसतं आणि दोघं मिळून कशासाठी ओळखले जातात, याला कॉम्पोझिटचे भाव वापरावेत. नात्यात प्रत्यक्ष काय घडतं आणि केव्हा घडतं, याला डेव्हिसनचे. या उदाहरणात कॉम्पोझिट म्हणते की लोकांसमोरचं काम, शिकवणं, मतं मांडणं हा जोडीचा चेहरा आहे. डेव्हिसन म्हणते की रोजचा दिवस बोलाचाली, निरोप, छोटे प्रवास आणि घराच्या आतल्या गोष्टी यांत जातो. ही दोन विधानं एकमेकांना खोडत नाहीत. एकाच पत्रिकेत रवी दोन्हीकडे आहे असं म्हणायला गेलात तर गोंधळ होईल.

जवळचा मध्यबिंदू ही कॉम्पोझिटची कमजोरी आहे का?

दोन ग्रह जवळजवळ समोरासमोर असतील तेव्हा हो. ‘ब’चा जन्म २४ ऐवजी १२ ऑक्टोबरला झाला असता, तर दोन रवींमधलं अंतर १८० अंशांच्या दुसऱ्या बाजूला गेलं असतं आणि कॉम्पोझिट रवीने मकरेतून थेट कर्केच्या २० अंशांजवळ उडी मारली असती. डेव्हिसनचा रवी मात्र फक्त सहा दिवस मागे येऊन मकर २० अंशांच्या आसपास थांबला असता. म्हणून कुठल्याही ग्रहाचं दोघांमधलं अंतर १७० अंशांपेक्षा जास्त असेल, तर कॉम्पोझिटमधल्या त्या ग्रहाच्या राशीवर आणि भावावर भार टाकू नका. त्याचे इतर ग्रहांशी होणारे योग चालतील. युतीचा प्रतियोग होईल, पण अक्ष तोच राहतो. आपल्या उदाहरणातले रवी १६९ अंशांवर आहेत, म्हणजे सीमेवरच.

कॉम्पोझिटमध्ये बुध रवीच्या समोर आलाय. सॉफ्टवेअर चुकलं का?

चुकलेलं नाही. एकाचा रवी मेष १०° आणि बुध मीन २५°, दुसऱ्याचा रवी तूळ ८° आणि बुध तूळ १०° असं समजा. रवींचा मध्यबिंदू कर्क ९°, बुधांचा मकर २°३०′. जवळची बाजू रवीसाठी एक निघाली आणि बुधासाठी दुसरी. आकाशात बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र साधारण ४७ अंशांपलीकडे जात नाही, पण सरासरीला त्याचं बंधन नाही. काही जण अशा वेळी बुधाला उचलून समोरच्या बिंदूवर ठेवतात. ते करायचं तर सगळ्याच पत्रिकांत करा, आवडत्या पत्रिकेपुरतं नको.

डेव्हिसनमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण ते खरं आकाश आहे. बुध, शुक्र आणि मंगळ वक्री होतात, मंदावतात, वेगात येतात. त्यामुळे त्यांची मधल्या क्षणाची जागा दोघांच्या पत्रिकांवरून काढता येत नाही. दोन पत्रिकांची खरी तुलना करायची तर ती या तिघांवरून करावी. डेव्हिसनमध्ये ग्रह वक्री आहे की मार्गी, अस्तंगत आहे का, हेही वाचता येतं. कॉम्पोझिटमधल्या ग्रहाला गती नसते, म्हणून तिथे वक्री हा शब्दच लागू होत नाही. सॉफ्टवेअरने तसं चिन्ह दाखवलं तरी दुर्लक्ष करा.

१६ जानेवारी १९९२ रोजी ‘ब’चा जन्मही झाला नव्हता. मग ती पत्रिका नात्याची कशी?

डेव्हिसनमध्ये हे कायमच असतं. मधला क्षण नेहमी धाकट्याच्या जन्माआधी आणि थोरल्याच्या जन्मानंतर येतो. ही भेटीची किंवा लग्नाची पत्रिका नव्हे, तो मुहूर्त वेगळा मांडावा. ही दोन जन्मांमधल्या समतोल क्षणाची पत्रिका आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कॉम्पोझिटवर थांबावं, हा अगदी प्रामाणिक पर्याय आहे.

कालनिर्णयासाठी कुठली चांगली?

डेव्हिसन, आणि याच कारणासाठी बरेच जण ती वापरतात. तिला तारीख असल्यामुळे एक दिवस म्हणजे एक वर्ष या हिशोबाचं प्रोग्रेशन सरळ लागू होतं, दर वर्षाची रविप्रत्यागमन पत्रिकाही काढता येते. उदाहरणात जानेवारी २०२१ साठी २९ वर्षं झाली, म्हणून १६ जानेवारी १९९२ मध्ये २९ दिवस मिळवून १४ फेब्रुवारी १९९२ चं आकाश पाहायचं. तेव्हा रवी कुंभ २५°२८′ वर होता. ‘ब’चा जन्मचंद्र कुंभ २६°१७′. म्हणजे प्रोग्रेस्ड रवी त्या चंद्रावर सुमारे दहा महिन्यांनी, २०२१ च्या अखेरीस पोचतो. नात्याचा केंद्रबिंदू ‘ब’च्या भावनिक गरजांकडे वळण्याचा काळ, असं तिथे वाचावं.

कॉम्पोझिटला तारीख नाही, म्हणून तिचं थेट प्रोग्रेशन होत नाही. दोघांच्या प्रोग्रेस्ड पत्रिका काढून त्यांची नव्याने कॉम्पोझिट करतात. गोचर मात्र दोन्हीवर चालतं.

सॉफ्टवेअरने काढलेल्या दोन डेव्हिसन पत्रिकांची लग्नं वेगळी का येतात?

बहुधा जागेमुळे. काही प्रोग्रॅम अक्षांश-रेखांशांची साधी सरासरी घेतात, काही पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गाचा मध्य घेतात. आपल्या उदाहरणात साधी सरासरी ३३° उत्तर, ४२° पूर्व आहे, तर गोलावरचा मध्य ३७°१९′ उत्तर, ४७°२१′ पूर्व. क्षण तोच असूनही दशमबिंदू सिंह ५°१४′ वरून १०°२९′ वर जातो आणि लग्न वृश्चिक १°४६′ वरून ४°५६′ वर. ग्रह हलत नाहीत. जन्मस्थळं जितकी दूर आणि विषुववृत्तापासून जितकी लांब, तितका हा फरक मोठा. सेटिंग एकदा ठरवा आणि बदलू नका.

दुसरं कारण ‘दुरुस्त’ डेव्हिसन हा पर्याय. त्यात डेव्हिसनचा दशमबिंदू दोघांच्या दशमबिंदूंच्या मध्याशी जुळावा म्हणून वेळ किंवा जागा सरकवतात. तसं केलं की भाव कॉम्पोझिटसारखेच होतात, मग वेगळी पत्रिका वाचण्यात फारसा अर्थ उरत नाही.

हाताने काढताना सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

घड्याळात. स्थानिक वेळांची सरासरी घेतली तर आपल्या उदाहरणात १७ जानेवारी, रात्री १:४५ येते. हा आकडा चुकीचा नाही, पण तो जागतिक वेळेच्या पावणेचार तास पुढे असलेल्या घड्याळाचा आहे, कारण दोन आणि साडेपाच यांची सरासरी पावणेचार. कुणी ४२° पूर्वेसाठी तीन तासांचा विभाग निवडून तोच आकडा भरला, की क्षण पाऊण तासाने चुकतो आणि दशमबिंदू सुमारे अकरा अंश सरकतो. म्हणून आधी दोन्ही वेळा जागतिक वेळेत आणा, मगच सरासरी काढा, आणि पत्रिकाही जागतिक वेळेतच भरा. उन्हाळी वेळ विसरली तर क्षण अर्ध्या तासाने चुकतो, कारण एका व्यक्तीचा एक तास निम्मा होऊन मध्यात उतरतो.

रेखांशात एक सापळा आहे. एक जण १७०° पूर्वेला आणि दुसरा १६०° पश्चिमेला जन्मला असेल, तर साधं गणित ५° पूर्व देतं, म्हणजे पृथ्वीची पलीकडची बाजू. १६०° पश्चिम म्हणजे २००° पूर्व धरा, सरासरी १८५°, म्हणजे १७५° पश्चिम.

एकाची जन्मवेळ माहीत नाही. डेव्हिसन काढावी का?

ग्रहांपुरती काढा. त्या व्यक्तीसाठी दुपारचे बारा धरले तर खरी वेळ बारा तास इकडेतिकडे असू शकते, मध्यात ती सहा तास इकडेतिकडे होते. चंद्र तेवढ्यात दोन्ही बाजूंना तीन-साडेतीन अंश सरकतो, बाकीचे ग्रह नगण्य. लग्न आणि भाव मात्र पूर्ण सोडून द्या. वेळ फक्त चार मिनिटांनी चुकली असेल तर मध्यात दोन मिनिटं, म्हणजे दशमबिंदूत अर्धा अंश. तेवढ्याने बिघडत नाही, फक्त लग्न राशीच्या टोकाला असेल तर सांभाळा.

निरयन पद्धतीत डेव्हिसन चालते का?

चालते. क्षण आणि जागा सायन-निरयनावर अवलंबून नाहीत, त्यामुळे त्या क्षणाचे अयनांश वजा केले की झालं. १९९२ साठी लाहिरी अयनांश सुमारे २३°४५′. आपला रवी मग मकर २°१७′ वर येतो आणि चंद्र वृषभ २०°३८′ वर, रोहिणी नक्षत्रात. खरी तारीख असल्यामुळे या चंद्रावरून विंशोत्तरी दशाही मांडता येते. कॉम्पोझिटचे अंशही असेच मागे सरकतात, पण तिच्या चंद्रावरून दशा मांडायला सुरुवातीची तारीखच नसते.

दोनांपैकी एकच वाचायची असेल तर?

स्वभाव आणि पोत कळायला हवा असेल तर कॉम्पोझिट, केव्हा काय होईल हे हवं असेल तर डेव्हिसन. दोन्ही वाचणार असाल तर आधी वयांतराची सम-विषम संख्या कागदावर लिहून ठेवा, मग रवी जुळला की उलटला याचं नवल वाटणार नाही. नंतर डेव्हिसनमधला बुध, शुक्र, मंगळ आणि रवी-चंद्राचं अंतर पाहा. भाव सर्वांत शेवटी, आणि तेही दोन्ही जन्मवेळा नोंदलेल्या असतील तरच.